टाकीमागचा चंद्र

"बेटा, जरा मागे सरक. आणखी. हां, आता तिथून बघ. वाटतोय का चंद्र?"

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून पापाजींचा आवाज आला. पापाजी म्हणजे माझे सासरे, हरबंसलाल सचदेवा. मार्चमध्ये बायपास झालेला हा माणूस ऑक्टोबरात स्टुलावर चढून उभा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात माझी पिठाची चाळणी, आणि चाळणीवर माझाच बटर पेपर रबरबँडने ताणून बसवलेला.

"चंद्र कसला पापाजी, ट्रकचा दिवा वाटतोय," मी म्हटलं. "आणि आधी खाली उतरा बघू."

"जरा लांब धरला तर?"

"तर स्कूटरचा."

ते खिन्नपणे चाळणीकडे बघत राहिले. आभाळ नुसतं भरून आलेलं होतं. संध्याकाळी एक सर येऊन गेली होती, गच्ची ओली होती, आणि पूर्वेकडे जिथे चंद्र यायचा तिथे काळ्या ढगांनी ठिय्या दिला होता. खाली घरात माझ्या सासूबाई पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता बसल्या होत्या, आणि त्यांचे हात थरथरायला लागले होते.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. अकरा वर्षं झाली, पण आमच्या घरात करवा चौथ म्हटलं की अजून सगळे एकमेकांकडे बघून हसतात.

मी चिंचवडची, मुग्धा लिमये. लग्न केलं पुनीत सचदेवाशी. तो मूळचा कर्नालचा, नोकरी नाशिकला अंबडच्या कारखान्यात. पापाजींच्या बायपासनंतर दोघे सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. मम्मीजींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, नाव सुदेश. त्यांचं बोलणं हिंदी आणि पंजाबी मिसळून, ते मी इथे मराठीतच सांगते, नाहीतर रात्र व्हायची. बाई प्रेमळ, पण हट्टी म्हणजे किती! एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी चहा घेऊन परत जाईल.

त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, निर्जळी उपास अजिबात करायचा नाही. मागच्या वर्षी कर्नालला जिन्यातच चक्कर येऊन पडल्या होत्या. यंदा पुनीतने हात जोडले, मी हात जोडले, पापाजींनी तर धमकीच दिली की मी हरिद्वारला निघून जाईन.

"जा की," मम्मीजी म्हणाल्या. "उपास तिथेही लागू पडतो."

"सुदेश, माझं ऑपरेशन डॉक्टरने केलं. तुझ्या करव्याने नाही."

"डॉक्टरने केलं. पण डॉक्टरचा हात कुणी धरला होता?"

चौतीस वर्षं धरलेला उपास, आणि नेमका नवरा मरता मरता वाचला त्या वर्षी सोडायचा? त्यांच्या दृष्टीने प्रश्नच मिटला.

खरं म्हणजे मला उपासाचं काही नवल नव्हतं. हा दिवस म्हणजे आमचीच संकष्टी! ते लोक त्याला कार्तिक म्हणतात, आपण आश्विन म्हणतो, पण तिथी तीच, वद्य चतुर्थी, आणि दोन्हीकडे सुटका चंद्र उगवल्यावरच. फरक एवढाच की आमच्या संकष्टीला दिवसभर साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, केळी आणि चार कप चहा चालतो. इथे थुंकीसुद्धा जपून गिळायची.

त्या पहाटे अंधारातच मम्मीजींनी मला उठवलं. सरगी सासूने सुनेला द्यायची असते. उजाडायच्या आत खायचं ते खाणं म्हणजे सरगी. ताटात दुधात भिजवलेल्या फेण्या होत्या, खारी खुसखुशीत मठरी, ओल्या नारळाचा तुकडा, सफरचंद, मिठाई, आणि वर टिकल्या-बांगड्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मांडी घालून बसलो. मम्मीजींनी फेण्या खाल्ल्या, मधुमेहाची गोळी घेतली, आणि फटफटायला लागलं तसं शेवटचं पाणी प्यायलं.

"फेण्यांची एक वाटी जास्त काढली होती मी," त्या पातेल्यात डोकावत म्हणाल्या. "गेली कुठे?"

"पुनीतने खाल्ली असेल."

"तो उठलाय कुठे?"

वाटीचा विषय तिथेच राहिला, कारण दिवसाची गडबड सुरू झाली. दुपारी राजमा-चावल करून मी पुरुषमंडळींना वाढलं. पापाजी म्हणाले, तुम्ही दोघी उपाशी, तुमच्यासमोर खायला लाज वाटते, आणि ताट घेऊन मागच्या बाल्कनीत गेले. शहाणा माणूस, मला वाटलं. त्या दुपारी बाल्कनीत कावळ्यांनी असा काही धिंगाणा घातला की मम्मीजींची झोपच झाली नाही.

चारला सोसायटीतल्या पाच-सहा पंजाबी बायका नटूनथटून आमच्याकडे आल्या. लाल साड्या, हातभर चुडा, मेंदी. मम्मीजींनी स्वतःच्या लग्नातली ओढणी घेतली होती. सगळ्या गोल करून बसल्या. प्रत्येकीच्या थाळीत दिवा, कुंकू, मिठाई आणि पाण्याने भरलेला मातीचा करवा. वयाने मोठी म्हणून कथा मम्मीजींनी सांगितली.

सात भावांची एकुलती एक बहीण, वीरावती. तिचा पहिला करवा चौथ. संध्याकाळपर्यंत तिचा जीव कासावीस झाला. भावांना बघवेना. मग त्यांनी काय केलं, पिंपळामागे जाळ पेटवला, पुढे चाळणी धरली आणि म्हणाले, बघ ताई, चंद्र उगवला. ती भोळी जेवायला बसली. पहिल्या घासाला केस निघाला, दुसऱ्या घासाला शिंक आली, आणि तिसरा घास तोंडात घालणार तोच निरोप आला, नवरा गेला. बघते तर त्याच्या अंगभर सुया टोचलेल्या. मग वर्षभर ती एकेक सुई काढत बसली, पुढच्या चौथीला पुन्हा उपास धरला आणि नवऱ्याला परत मिळवलं.

कथा चालू असताना थाळ्या एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत होत्या. सात फेऱ्या झाल्या आणि जिची थाळी तिच्याकडे परत आली. मी मम्मीजींना बाया दिला. म्हणजे सुनेने सासूला द्यायचं वाण, मठरी, सुका मेवा आणि साडी. पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हाच तो गार आणि ओला लागला मला.

दाराच्या फटीतून पापाजी सगळी कथा ऐकत होते. आता कळतं, भावांची युक्ती सोडून बाकी कथा त्यांनी ऐकलीच नव्हती.

दिवेलागणीनंतर मम्मीजींना घाम फुटला. पंख्याखाली बसून त्या कपाळ पुसत होत्या. पुनीत साखर तपासायचं मशीन घेऊन आला.

"बोट दे मम्मी."

"आज सुई? वेडा झालास?"

"अगं, एक टोचायचंय नुसतं!"

"आज सुईला हात लावत नाहीत. वीरावतीच्या नवऱ्याच्या अंगात काय होतं, विसरलास? कात्रीही नाही, सुईही नाही." त्यांनी दोन्ही हात ओढणीखाली लपवले.

तेवढ्यात कर्नालहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. तिकडे चंद्र निघाला होता, पाणी पिऊन झालं होतं, मागे छोले-पुरीची भांडी वाजत होती. नाशिक दक्षिणेला आणि थोडं पश्चिमेकडे, त्यामुळे आपल्याकडे चंद्र चांगला पाऊण तास उशिरा उगवतो. तो पाऊण तास मम्मीजींनी डोळे मिटून काढला. आमची वेळ झाली, टळली, आणि ढग जागचे हलेनात.

"मम्मीजी, थोडं सरबत घ्या," मी म्हटलं. "गणपतीची शपथ, मी कुणाला सांगणार नाही."

"चंद्राला काय सांगशील?" त्या बारीक आवाजात म्हणाल्या. नंतर हसायला गेल्या, पण ओठ थरथरले. मला तेव्हा खरंच भीती वाटली. पुनीत म्हणाला, चक्कर आली तर मी सरळ उचलून दवाखान्यात नेणार, उपास गेला उडत. आणि पापाजी मला खुणेने बोलावून गच्चीवर घेऊन गेले.

तर असा आम्ही चंद्र बनवायला घेतलेला. बाकीच्या बायका बी विंगच्या मोठ्या गच्चीवर होत्या, इथे आम्हीच.

"पापाजी, मम्मीजींना कळेल हो."

"तिला चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा मी लपवलाय," ते अभिमानाने म्हणाले. "तिला एक घोट पाणी पिऊ दे. नंतर काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे."

मी आणखी काही बोलणार तोच जिन्यात पावलं वाजली. पुनीत मम्मीजींना धरून वर आणत होता. बिचाऱ्याला बापाने एवढंच सांगितलं होतं की चंद्र दिसतोय, आईला आण. मम्मीजींच्या हातात सजवलेली चाळणी, त्यात दिवा. मी पळत जाऊन करव्याची थाळी धरली.

टाकीमागे बॅटरी लागली. पिवळा, लोंबता, रबरबँड दिसणारा चंद्र थरथरत उगवला.

मम्मीजींनी चाळणी वर केली. एक क्षण बघितलं. चाळणी खाली केली.

"हरबंसलाल," त्या म्हणाल्या, "खाली उतरा."

पुनीतने तोंडावर हात घेतला. आमच्याकडे निदान उखाण्यात तरी नवऱ्याचं नाव घेतात. या बाईने चौतीस वर्षांत 'अहो ऐका' याच्यापलीकडे नवऱ्याला हाक मारली नव्हती.

चंद्र विझला. पापाजी टाकीमागून बाहेर आले, बटर पेपर पाठीमागे लपवत.

"नाव घेतलंस?"

"घेतलं. तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? तीच कथा! तीच चाळणी!"

"मग भावांचं पाप भावांना लागतं. हे पाप माझ्या डोक्यावर. तू पाणी पी."

"अहो, ते तुमच्याच डोक्यावर पडतं, तेच तर नकोय मला!" मम्मीजींचा आवाज फाटला. "मरायचं नवऱ्यालाच असतं त्या कथेत. मी काय माझ्यासाठी बसलेय उपाशी?"

आणि त्या रडायला लागल्या. पापाजी दोन पावलं पुढे आले, आणि मधेच टाकीचा कठडा धरून खाली बसले. एकदम बसले, बसणारा माणूस बसतो तसे नाही. पुनीतने धावत जाऊन त्यांना धरलं.

"काय झालं? पापा? दुपारच्या गोळ्या घेतल्या होत्या ना?"

पापाजींनी मान दुसरीकडे वळवली.

"पाणी आण मुग्धा!"

"नको," पापाजी म्हणाले. "चंद्र कुठे उगवलाय?"

मग माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. पहाटेची गायब झालेली वाटी, म्हणजे पापाजींची सरगी. दुपारचा कावळ्यांचा धिंगाणा.

"पापाजी! राजमा कावळ्यांना घातलात तुम्ही?"

"आवडला त्यांना," ते म्हणाले. "मीठ बेताचं होतं."

मम्मीजी ओल्या गच्चीवर लग्नाच्या ओढणीनिशी त्यांच्यासमोर बसल्या. "पहाटेपासून? गोळ्याही नाही?"

"गोळीला पाणी लागतं."

"का केलंत असं?"

"ही माझ्यासाठी उपाशी राहते चौतीस वर्षं." पापाजी आमच्याकडे बघून बोलत होते, तिच्याकडे बघवत नव्हतं त्यांना. "हिच्यासाठी कोण राहतं? गेल्या वर्षी जिन्यात पडली, तेव्हा मी वरण-भात खाऊन ढेकर देत होतो. यंदा म्हटलं, हिला काही झालं तर मला निदान पोटभर जेवलेला नको सापडायला."

मम्मीजींनी त्यांचा शर्ट मुठीत धरला. "गोळी घ्या."

"तू पाणी घे."

"चंद्र नाही."

"मग गोळी नाही."

अरे देवा! एकीची साखर उतरलेली, एकाच्या हृदयाच्या नळ्या नव्या कोऱ्या, आणि दोघे ढगाकडे बघत आडून बसलेले. पुनीत तर रडायच्या बेतात आला. मला काही सुचेना, तेव्हा जे सुचतं ते केलं. आईला फोन लावला.

"पटकन बोल गं, मोदक उकडतायत," आई म्हणाली.

"आई, चंद्र दिसत नाहीये."

"इथेही कुठे दिसतोय? मिट्ट ढग आहेत. मी आत्ताच सोडला उपास."

"चंद्र न बघता?"

"वेळ झाली ना चंद्रोदयाची? कॅलेंडरात गावागावाची वेळ देतात ती कशाला? पूर्वेला तोंड केलं, अर्घ्य दिलं, ताटलीत तांदळाचा चंद्र काढून हळद-कुंकू वाहिलं, झालं. ढगाआड गेला म्हणून काय उगवायचा राहतो तो?"

मी फोनचा आवाज मोठा केला. "हे मम्मीजींना सांग. हिंदीत."

आईचं हिंदी म्हणजे दिव्यच. पण त्या दिवशी तिने गच्ची दणाणून सोडली. "सुदेशजी! उग्या है! बादल के पीछे है, पर उग्या है! आप चिंता मत करो, पानी पिओ!"

मम्मीजींनी डोळे पुसले. फोनकडे बघितलं, ढगाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बटर पेपरकडे, जो पापाजींनी मघाशी गुपचूप माझ्या हातात कोंबला होता.

"वीरावतीचा चंद्र उगवलाच नव्हता," त्या हळूहळू म्हणाल्या. स्वतःशीच हिशेब करत होत्या. "तिला दिवा दाखवला. खोटं होतं ते तिथे होतं." मग मोठ्याने, "माझ्या बहिणीने तर डोळ्यांनी बघितलाय आज."

"तोच आहे मम्मीजी," मी म्हटलं. "दुसरा नाही काढलेला कुणी. म्हणजे पापाजींचा सोडून."

त्या हसल्या. त्यांना हसताना बघून मला रडूच आलं.

पुनीत धावत तांदूळ घेऊन आला. मी थाळीत तांदळाचा गोल चंद्र काढला, त्याला मम्मीजींनी कुंकू लावलं. मग उठल्या. मी त्यांना कमरेला धरून उभी राहिले. पूर्वेच्या ढगाला करव्यातल्या पाण्याचं अर्घ्य दिलं, धार अगदी बारीक, पण सरळ. दिवा ठेवलेली चाळणी वर धरून त्या ढगाकडे बघितलं, नमस्कार केला. मग चाळणी तशीच फिरवून नवऱ्याकडे बघितलं. पापाजी अजून कठड्याला टेकून बसलेले होते, केस विस्कटलेले, हाताला बॅटरीची दोरी. त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळच बघत राहिल्या.

पापाजी उठले. करवा त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या ओठांना लावला. एक घोट, दुसरा. मग बर्फीचा तुकडा भरवला. मम्मीजी त्यांच्या पाया पडायला वाकल्या, पापाजींनी त्यांना अर्ध्यातच धरलं. आणि मग मम्मीजींनी त्यांच्या हातातून करवा हिसकावून घेतला आणि त्यांच्याच तोंडाला लावला.

"प्या. सगळं. मधे श्वास घ्यायचा नाही."

पापाजी लहान मुलासारखे गटागटा प्यायले. अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

आम्ही ते बघत उभे राहिलो. मग पुनीत एकदम दचकून माझ्याकडे वळला.

"अगं, तुझंही राहिलंच की!"

"आठवण झाली का साहेबांना?" मी म्हटलं. घसा इतका सुकला होता की शब्द खरवडून काढावे लागत होते. त्याने घाईघाईने मला पाणी पाजलं, माझ्या चाळणीचं बघणंही गडबडीत उरकलं. बर्फी मात्र मी दोन घेतल्या.

खाली आल्यावर मम्मीजींनी स्वतःच बोट पुढे केलं. चंद्र उगवलेला, आता सुई चालेल, म्हणाल्या. मशीनवरचा आकडा बघून पुनीतने आईला आणखी साखर-पाणी दिलं आणि काही बोलला नाही. बोलण्यासारखा आकडा नव्हताच तो. पाचेक मिनिटांनी त्यांच्या गालांवर रंग आला. मी आदल्या रात्री भिजत घातलेले छोले गरम केले, पुऱ्या तळल्या, आणि दुपारचा राजमा, जो कावळ्यांपासून वाचला होता, तोही वाढला.

जेवता जेवता पापाजी म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन करवे आण. एक माझा."

"पुढच्या वर्षी कुणी निर्जळी करणार नाही," मम्मीजी म्हणाल्या. "हिच्या आईसारखं करायचं. फळं, दूध, चहा. देवाला सांगेन मी. तुम्ही पाणी प्यायला हवंत, म्हणून मी पिणार." आणि खरंच, पुढची सगळी वर्षं सुदेश सचदेवांनी साबुदाण्याच्या खिचडीवर करवा चौथ केला, आणि खिचडीत दाण्याचं कूट कमी पडलं की मला बोलल्या.

पण ते नंतरचं. त्या रात्री आम्ही अजून जेवत होतो आणि बाहेर एकदम आरडाओरडा झाला. बी विंगच्या गच्चीवरून बायकांचा गलका, थाळ्या, टाळ्या. पुनीत खिडकीशी धावला.

"मम्मी! ढग सरकले! अगं, हा एवढा मोठा निघालाय! ये लवकर, चाळणी घे!"

मी उठून चाळणी उचलली. मम्मीजी जागच्या हलल्या नाहीत. त्या पापाजींच्या गोळ्यांचा डबा उघडून दुपारची कोणती, रात्रीची कोणती, डॉक्टरांना फोन करून आधी विचारायचं कोणतं, ते वेगळं करत होत्या.

"मम्मी, तो दिसतोय!"

"दिसू दे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "थांब म्हणावं त्याला. दिवसभर मी थांबले होते."

पापाजींनी निमूटपणे हात पुढे केला, आणि मम्मीजींनी एक गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली.